संदर्भसूचीतील निनावी आणि अंकारंभी नोंदी : त्यांची जागा कोणती?

ग्रंथाच्या किंवा प्रबंधाच्या अखेरीस दिलेली संदर्भसूची सामान्यतः लेखकाच्या आडनावानुसार लावलेली असते. वाचकाला मजकुरात ‘केळकर’ हे नाव आढळले की तो सूचीतील ‘क’पाशी जातो आणि ग्रंथाचा तपशील त्याच्या हाती येतो. ही व्यवस्था इतकी सवयीची झालेली आहे की तिच्यात न बसणाऱ्या नोंदी पुढे येईपर्यंत तिचा कोणी विचारही करीत नाही. ज्या लेखाखाली सही नाही तो कोठे लावावयाचा? ज्या बखरीचा कर्ता निश्चित नाही आणि जिचे नावच अंकाने सुरू होते ती कोणत्या अक्षराखाली शोधावयाची? आरंभी अवतरणचिन्ह किंवा ‘ॐ’ असेल तर काय करावयाचे?

या प्रश्नांची उत्तरे सूचीकाराने आधी ठरविली नाहीत तर ती उत्तरे टंकलेखक किंवा संगणक आपल्या परीने देतो आणि मग नोंद सूचीत असूनही वाचकाला सापडत नाही. परीक्षकाच्या दृष्टीने न सापडलेली नोंद आणि नसलेली नोंद यांत फारसा फरक नसतो. आधार दिलेला असूनही विधान निराधार ठरते.

दहा नोंदींची एक सूची

मराठी इतिहास निरनिराळ्या काळांत आणि निरनिराळ्या माध्यमांतून कसा सांगितला गेला, या विषयावर एखादा विद्यार्थी प्रबंध लिहीत आहे अशी कल्पना करू. त्याच्या टिपणवहीत दहा साधनांची नावे आहेत. न. चिं. केळकरांनी लिहिलेले लोकमान्य टिळकांचे चरित्र, विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’, गो. स. सरदेसाई यांची ‘मराठी रियासत’ आणि वि. दा. सावरकरांचे ‘१८५७चे स्वातंत्र्यसमर’ ही चार साधने सरळ आहेत. त्यांना लेखक आहेत आणि ती लेखकाच्या आडनावाखाली जातील.

पाचवे साधन म्हणजे रौलट यांच्या अध्यक्षतेखालील सेडिशन कमिटीचा १९१८चा अहवाल. सहावे आणि सातवे साधन म्हणजे १९०८ साली ‘केसरी’त आलेले दोन अग्रलेख : १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. आठवे साधन ‘भाऊसाहेबांची बखर’ आणि नववे ‘९१ कलमी बखर’. दहावे साधन ग्रंथ नसून चित्रपट आहे. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी १९७९ साली दिग्दर्शित केलेला, चाफेकर बंधूंच्या कृत्यावर आधारलेला ‘22 जून 1897’.

यांपैकी सावरकरांच्या ग्रंथाकडे प्रथम पाहावे. त्याचे नाव अंकाने सुरू होते, तरीही सूचीत त्याने कोणतीही अडचण निर्माण होत नाही. कारण नोंदीच्या आरंभी ‘सावरकर’ हे नाव आहे आणि नोंदीची जागा तेच ठरविते. ग्रंथनामातील ‘१८५७’चा विचार करण्याची वेळ फक्त एकाच प्रसंगी येते : सावरकरांचेच दोन किंवा अधिक ग्रंथ सूचीत असतील आणि त्यांचा आपसांतील क्रम ग्रंथनामावरून लावावयाचा असेल तर. म्हणजे अंकाचा प्रश्न हा मुळात नोंदीच्या पहिल्या शब्दाचा प्रश्न आहे. नोंद लेखकाच्या नावाने सुरू होत असेल तर तो उद्भवत नाही. शीर्षक लेखकाच्या जागी आले की उद्भवतो. म्हणून अंकाकडे वळण्यापूर्वी शीर्षक त्या जागी केव्हा येते हे पाहणे क्रमप्राप्त आहे.

लेखक खरोखरच नाही काय?

ज्या प्रकाशनावर व्यक्तीचे नाव नाही ते सर्व निनावी, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. सेडिशन कमिटीच्या अहवालाची जबाबदारी त्या कमिटीने घेतलेली आहे. तेव्हा ती कमिटीच त्याची कर्ती होय आणि नोंद ‘सेडिशन कमिटी’ या नावाखाली ‘स’मध्ये जाईल. शासनाचे विभाग, आयोग, विद्यापीठे, संस्था यांचे अहवाल आणि नियमावल्या यांनाही हाच न्याय लागू पडतो. अशा प्रकाशनांना समष्टी लेखक असतो. सूचीत ‘अहवाल’ या शब्दाखाली पाचपंचवीस नोंदी एकत्र आलेल्या दिसल्या तर सूचीकाराने हा प्रश्न स्वतःला विचारलेला नाही असे खुशाल समजावे.

दुसरा प्रकार म्हणजे मुखपृष्ठावर नाव नाही, परंतु लेखक कोण हे निःसंशय ठाऊक आहे. सावरकरांच्या याच ग्रंथाची इंग्रजी आवृत्ती १९०९ साली प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते. ‘एका भारतीय राष्ट्रवाद्याने लिहिलेला’ एवढाच उल्लेख इंग्रजीत होता. आज त्या आवृत्तीची नोंद करताना सावरकरांचे नाव चौकटी कंसात घालून ती त्यांच्याच नावाखाली लावतात. नाव मूळ ग्रंथात छापलेले नाही, सूचीकाराने अन्य आधारावरून घातलेले आहे, हे तो कंस वाचकाला सांगतो. यामुळे एकाच लेखकाचे लेखन दोन ठिकाणी विखुरले जात नाही.

परंतु हा कंस जपून वापरावा लागतो. ‘केसरी’तील ज्या दोन अग्रलेखांचा उल्लेख वर केला, त्यांच्यासाठी १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा भोगावी लागली. त्यामुळे हे लेख ‘टिळक’ या नावाखाली घालण्याचा मोह होतो. तथापि अग्रलेखाखाली सही नसते आणि संपादकाने कायद्याने पत्करलेली जबाबदारी म्हणजे त्या लेखाचे लेखन नव्हे. न्यायालयाला जबाबदारीचा निवाडा करावयाचा होता. सूचीकाराला लेखणी कोणाची एवढेच पाहावयाचे असते. सहीचा किंवा अन्य निर्णायक पुरावा हाती नसेल तेथे लेख शीर्षकाखाली लावणे हेच सुरक्षित होय.

भाऊसाहेबांच्या बखरीच्या कर्त्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही आणि ९१ कलमी बखरीच्या कर्तृत्वाचीही चर्चा होत आलेली आहे. त्यांच्या आवृत्त्यांना संपादक असतात, पण संपादक म्हणजे कर्ता नव्हे. काही लेखनपद्धतींत संपादकाचे नाव लेखकाच्या जागी ठेवतात, तर १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या अँग्लो-अमेरिकन तालिकीकरण नियमांच्या दुसऱ्या आवृत्तीने संपादित ग्रंथांची मुख्य नोंद ग्रंथनामाखाली करावयास सांगितले. बखरीसारख्या जुन्या ग्रंथाच्या बाबतीत वाचकाच्या ओठी बखरीचेच नाव असते. म्हणून तिची नोंद नावाखाली करून संपादकाचे नाव पुढे देणे सोयीचे ठरते.

‘अज्ञात’ हे आडनाव नव्हे

लेखक नाही असे ठरल्यावर सर्वात सुलभ वाटणारा मार्ग म्हणजे त्याच्या जागी ‘अज्ञात’ किंवा ‘अनामिक’ असे लिहिणे. तो मार्ग वाचकाला कोठे नेतो हे आपल्या सूचीवरूनच पाहता येईल. विद्यार्थ्याने दोन्ही अग्रलेखांना ‘अज्ञात’ हा लेखक दिला आणि मजकुरात ‘(अज्ञात, १९०८)’ असा निर्देश केला, तर तो निर्देश ‘देशाचे दुर्दैव’चा की ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’चा? दोन्हींचे वर्ष एकच आहे. निर्देश असूनही वाचक दोन नोंदींच्या मध्ये उभा राहतो. शिवाय दोन्ही बखरी तेथेच येऊन बसतात आणि एकमेकांशी कसलाही संबंध नसलेली चार साधने एका काल्पनिक माणसाची ठरतात.

म्हणून अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनसंहितेसारख्या बहुतेक प्रचलित पद्धतींचा नियम असा की, लेखक नसेल तेथे शीर्षक उचलून लेखकाच्या जागी ठेवावे आणि नोंद त्या शीर्षकाच्या पहिल्या शब्दावरून लेखकांच्या नोंदींतच मिसळावी. निनावी नोंदींचा वेगळा गट करून तो अखेरीस जोडू नये. ‘अनामिक’ हा शब्द लेखकाच्या जागी फक्त तेव्हाच येतो, जेव्हा मूळ लेखनावरच तो सहीप्रमाणे छापलेला असतो. तसे असेल तर त्यालाच आडनाव मानून ‘अ’मध्ये स्थान द्यावे.

वृत्तपत्रीय मजकुराच्या बाबतीत आणखी एक प्रघात आहे. सही नसलेल्या लेखाच्या आरंभी लेखकाऐवजी वृत्तपत्राचे नाव ठेवावयाचे, म्हणजे दोन्ही अग्रलेख ‘केसरी’खाली लावावयाचे. शिकागोच्या लेखनसंहितेने हा मार्ग सुचविलेला आहे. एकाच पत्रातील पन्नास कात्रणे वापरली असतील तर तो उपयुक्तही ठरतो. मार्ग कोणताही घ्यावा. मात्र मजकुरातील निर्देशाचा पहिला शब्द आणि सूचीतील नोंदीचा पहिला शब्द हे एकच असले पाहिजेत. मजकुरात ‘(देशाचे दुर्दैव, १९०८)’ आणि सूचीत ‘केसरी’ असे झाले की दुवा तुटला.

पहिला शब्द कोणता?

इंग्रजी शीर्षकांच्या आरंभी येणारी ‘द’, ‘ए’, ‘अॅन’ ही उपपदे क्रम लावताना सोडून देतात. ती लिहावयाची, परंतु मोजावयाची नाहीत. ‘द इंडियन वॉर ऑफ इंडिपेंडन्स’ हे नाव ‘इंडियन’ या शब्दावरून लागते. हा नियम मराठीला लावण्याचा प्रयत्न काही वेळा केला जातो आणि ‘एक’, ‘हे’, ‘ती’ असे आरंभीचे शब्द गाळले जातात. मराठीत उपपद नावाचा शब्दवर्ग नाही. ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या शीर्षकातील ‘हे’ हे दर्शक सर्वनाम असून ते अर्थाचा भाग आहे. वाचकाला ते शीर्षक ‘हे’पासूनच आठवते. तेव्हा ती नोंद ‘ह’मध्येच जाईल, ‘उ’मध्ये नाही.

‘श्री’ या शब्दाचे दोन उपयोग वेगळे करावे लागतात. व्यक्तीच्या नावामागील ‘श्री.’ किंवा ‘डॉ.’ ही उपाधी लेखकाच्या नोंदीत घेतच नाहीत. परंतु ग्रंथनामाच्या आरंभी छापलेला ‘श्री’ हा त्या नावाचाच अंश होय. ९१ कलमी बखरीच्या एखाद्या आवृत्तीच्या नामपत्रावर आरंभी ‘श्री शिवछत्रपतींची’ असे शब्द असतील, तर त्या आवृत्तीची नोंद ‘श’मध्ये जाईल आणि ती बखर तिच्या प्रसिद्ध नावाने शोधणाऱ्यासाठी ‘९१ कलमी बखर’ या जागी ‘पाहा’ अशी एक ओळ ठेवावी लागेल.

अंक : उच्चाराने की किमतीने?

आता ‘९१ कलमी बखर’ आणि ‘22 जून 1897’ या दोन नोंदी उरल्या. अंकाने सुरू होणाऱ्या शीर्षकांना जागा देण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत उच्चाराची. अंक अक्षरी लिहिला आहे असे मानून त्या अक्षराखाली नोंद लावावयाची. नोंदीत अंक अंकच राहतो. तो बदलून लिहीत नाहीत. या रीतीने चित्रपट ‘बावीस’ म्हणून ‘ब’मध्ये आणि बखर ‘एक्क्याण्णव’ म्हणून ‘ए’मध्ये जाते. दुसरी रीत किमतीची. अंकारंभी नोंदी सर्व अक्षरांच्या आधी, लहान संख्या आधी आणि मोठी नंतर अशा लावावयाच्या. तिच्याप्रमाणे सूचीच्या माथ्यावर प्रथम २२ आणि मग ९१ येतील.

या दोन रीतींमागे एक छोटा इतिहास आहे. ग्रंथालयांतील तालिकापत्रे हातांनी लावली जात त्या काळी उच्चाराची रीत सर्वमान्य होती. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९६८च्या नियमांनी अंक हा शीर्षकाच्या भाषेत जसा वाचला जातो तसा लिहिला आहे असे मानून पत्र लावावयास सांगितले होते. पत्र लावणारा माणूस होता आणि त्याला वाचता येत होते. पुढे तालिका संगणकावर गेल्या. संगणकाला अंक दिसतो, परंतु तो कोणत्या भाषेत आणि कसा वाचावयाचा हे त्याला कळत नाही. १९८० साली त्याच संस्थेने नवे नियम प्रसिद्ध केले आणि त्यांत अंकांना अक्षरांच्या आधी, किमतीनुसार स्थान दिले. मात्र लेख आणि प्रबंध यांच्या छोट्या सूचींसाठी असलेल्या संहितांनी उच्चाराची रीत सोडली नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या संहितेच्या सातव्या आवृत्तीतही अंक अक्षरी मानूनच क्रम लावावयाचा आहे.

हा नियम इंग्रजीवरून मराठीत आणताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इंग्रजीत दशक आधी बोलतात आणि एकक नंतर. त्यामुळे एक्क्याण्णव ते नव्व्याण्णव या सर्व संख्या ‘नाइन्टी’ या एकाच शब्दाखाली शेजारी शेजारी राहतात. मराठीत एकक आधी येतो. ९१ ‘ए’मध्ये, ९२ म्हणजे ब्याण्णव ‘ब’मध्ये, ९३ म्हणजे त्र्याण्णव ‘त’मध्ये आणि ९४ म्हणजे चौऱ्याण्णव ‘च’मध्ये, अशी त्यांची पांगापांग होते. उलट १९, २९, ३९, ४९ या एकमेकांपासून दूर असलेल्या संख्या ‘एकोण’ या आरंभामुळे ‘ए’मध्ये एकत्र येतात. एकदोन अंकारंभी नोंदी असतील तर याने काही बिघडत नाही. परंतु क्रमांकित पत्रके किंवा वार्षिक अहवाल अशी अंकांची मालिका शीर्षकाच्या आरंभी असेल तर मराठी उच्चाराने तिचा क्रम पार विस्कटतो आणि तेथे किमतीची रीतच योग्य ठरते.

उच्चार एकच असेल असेही नाही. ९१चे लेखन ‘एक्क्याण्णव’ आणि ‘एक्याण्णव’ असे दोन्ही प्रकारे आढळते. सुदैवाने दोन्हींचा आरंभ ‘ए’नेच होतो. १८५७ हे वर्ष म्हणून ‘अठराशे सत्तावन्न’ असे वाचले जाते आणि ‘अ’मध्ये जाते, नुसती संख्या म्हणून ‘एक हजार आठशे सत्तावन्न’ वाचले तर ते ‘ए’मध्ये पडते. वर्षाचा अंक वर्षासारखाच वाचावा, हा येथे साधा निकष होय. परभाषेतील शीर्षकांच्या बाबतीत हा भेद अधिक जाणवतो. इटालियन दिग्दर्शक फेलिनी यांच्या १९६३च्या चित्रपटाचे नाव ‘8½’ असे आहे. मूळ भाषेत त्याचा आरंभ ‘ओत्तो’ असा होतो, इंग्रजी वाचक तो ‘एट’खाली शोधील आणि मराठी वाचक ‘साडेआठ’ म्हणून ‘स’मध्ये. जुन्या ग्रंथालयीन नियमाप्रमाणे शीर्षकाची भाषा प्रमाण मानली जाते. परंतु मराठी सूचीत ‘साडेआठ’पाशी एक ‘पाहा’ नोंद ठेवल्यास वाचकाचा हेलपाटा वाचतो.

चिन्हांचा निकष

चिन्हांच्या बाबतीत निकष एवढाच की, चिन्ह वाचले जाते की नाही? अवतरणचिन्ह, कंस, लोपचिन्हाचे तीन ठिपके, तारांकन ही वाचली जात नाहीत. ती नाहीतच असे समजून पुढच्या अक्षरावरून क्रम लावावा. ‘ॐ’ वाचला जातो, तेव्हा तो ‘ओम्’ म्हणून ‘ओ’मध्ये जाईल. रुपयाचे चिन्ह ‘रुपये’ म्हणून ‘र’मध्ये आणि टक्क्याचे चिन्ह ‘टक्के’ म्हणून ‘ट’मध्ये जाईल. क्वचित एखादे शीर्षक संपूर्णपणे चिन्हाचेच असते. १९७१ साली अमेरिकेत निघालेल्या एका चित्रपटाचे नाव केवळ ‘$’ असे होते आणि तो ‘डॉलर्स’ या नावाने ओळखला जातो. अशा वेळी चिन्ह सोडून दिले तर हाती काहीच उरत नाही. म्हणून त्याचा प्रचलित उच्चार चिन्हापुढे चौकटी कंसात देऊन त्यावरून नोंद लावावी.

सूची प्रत्यक्ष लावताना

आता विद्यार्थ्याने दहा नोंदी संगणकावर टंकित केल्या आणि ‘क्रम लावा’ ही आज्ञा दिली असे समजू. चित्रपटाचे नाव त्याने 22 असे आंतरराष्ट्रीय अंकांत आणि बखरीचे ९१ असे देवनागरी अंकांत लिहिले आहे. अग्रलेखांच्या शीर्षकांना वळणदार दुहेरी अवतरणचिन्हे दिलेली आहेत. काही संगणकीय कार्यक्रम प्रत्येक चिन्हाच्या युनिकोड संकेतांकानुसारच क्रम लावतात. अशा कार्यक्रमाकडून त्याला पुढील सूची मिळेल.

22 जून 1897
केळकर, न. चिं.
गोडसे, विष्णुभट
भाऊसाहेबांची बखर
सरदेसाई, गो. स.
सावरकर, वि. दा.
सेडिशन कमिटी
९१ कलमी बखर
“देशाचे दुर्दैव”
“हे उपाय टिकाऊ नाहीत”

दोन्ही नोंदी अंकारंभीच, परंतु एक माथ्यावर आणि दुसरी तळाशी. याचे कारण संकेतांकांच्या मांडणीत आहे. आंतरराष्ट्रीय अंकांचे संकेतांक देवनागरी अक्षरांच्या पुष्कळ आधी येतात. देवनागरी अंकांचे संकेतांक मात्र U+0966 ते U+096F असे असून ते क ते ह या व्यंजनांच्या नंतर आहेत. ‘ॐ’चा संकेतांक U+0950, म्हणजे तोही ‘ह’च्या पलीकडे. वळणदार अवतरणचिन्ह तर देवनागरी विभागाच्याही पुढे असल्यामुळे दोन्ही अग्रलेख अखेरीस गेले. साधे सरळ अवतरणचिन्ह वापरले असते तर तेच लेख सर्वांच्या आधी आले असते. संख्यांची तुलनाही अशा कार्यक्रमात एकेका अंकाने होते. त्यामुळे 1857, 22 आणि 91 या तीन संख्यांत 1857 पहिली ठरते, कारण तिचा पहिला अंक 1 आहे.

दुसऱ्या प्रकारचे कार्यक्रम युनिकोडने ठरवून दिलेली वर्णानुक्रमाची पद्धती वापरतात. त्या पद्धतीत 9 आणि ९ यांची किंमत एकच मानली जाते आणि सर्व अंक अक्षरांच्या आधी येतात. आपला संगणक कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखण्यास कोरी पाने खर्ची घालावी लागत नाहीत. चार ओळींत 1942, १९४२, अ आणि ह असे लिहून क्रम लावून पाहावा. १९४२ ही ओळ ‘ह’च्या खाली गेली तर कार्यक्रम नुसते संकेतांक पाहतो असे समजावे. मात्र दोन्ही प्रकारचे कार्यक्रम अंकाचा उच्चार करीत नाहीत. उच्चाराची रीत पाळावयाची असेल तर ते काम माणसालाच करावे लागते.

ते करण्याचा सोपा उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीच्या डावीकडे एक जादा रकाना आखून त्यात केवळ क्रमासाठी वापरावयाचा शब्द लिहिणे. चित्रपटापुढे ‘बावीस जून’, बखरीपुढे ‘एक्क्याण्णव कलमी’, अग्रलेखांपुढे अवतरणचिन्हांविना शीर्षक आणि लेखकांच्या नोंदींपुढे आडनाव. क्रम या रकान्यावरून लावावा आणि छपाईपूर्वी रकाना काढून टाकावा. मग सूची अशी होते.

९१ कलमी बखर
केळकर, न. चिं.
गोडसे, विष्णुभट
“देशाचे दुर्दैव”
22 जून 1897
भाऊसाहेबांची बखर
सरदेसाई, गो. स.
सावरकर, वि. दा.
सेडिशन कमिटी
“हे उपाय टिकाऊ नाहीत”

पहिल्या सूचीशी ताडून पाहिले तर शीर्षकाने सुरू होणाऱ्या पाच नोंदींपैकी तीन नोंदी तेथे चुकीच्या जागी होत्या. भाऊसाहेबांची बखर, जिच्या आरंभी ना अंक ना चिन्ह, ती योग्य ठिकाणी होती आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा लेख ‘ह’मुळे अखेरीसच येणारा असल्याने केवळ योगायोगाने योग्य जागी राहिला. लेखकांच्या नोंदी दोन्हींकडे जागच्या जागी आहेत. म्हणूनच ही चूक वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. सूची तपासताना तिची पहिली दोन आणि अखेरची चार नावे पाहावीत. यंत्राने बाजूला सारलेल्या नोंदी बहुधा तेथेच सापडतात.

आणखी एक ठिकाण मात्र तपासावे लागते. विद्यार्थ्याने अग्रलेख ‘केसरी’खाली लावण्याचे ठरविले असते तर ‘केसरी’ आणि ‘केळकर’ शेजारी आले असते. शालेय वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो, त्या क्रमाने ‘केसरी’ आधी आणि ‘केळकर’ नंतर. संकेतांकांत मात्र ‘ळ’ हा ‘ल’ला लागून, ‘व’च्या आधी आहे, त्यामुळे नुसते संकेतांक पाहणारा कार्यक्रम ‘केळकर’ आधी ठेवील. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचेही असेच. वर्णमालेत ती अखेरीस शिकविली जातात, परंतु यंत्राला ती ‘क’ आणि ‘ज’ने सुरू होणारी जोडाक्षरे वाटतात.

एका ओळीचा खुलासा

वर दाखविलेल्या रीतींपैकी कोणतीही एकच खरी आणि बाकीच्या खोट्या असे नाही. दहावीस किंवा शेदीडशे नोंदींच्या सूचीत, जेथे अंकारंभी शीर्षके मोजकी असतात, तेथे उच्चाराची रीत बरी. कारण वाचक नाव मनात उच्चारूनच शोध घेतो. हजारो नोंदींच्या तालिकेत किंवा अंकांच्या मालिका असलेल्या सूचीत किमतीची रीत बरी. विद्यापीठाने किंवा नियतकालिकाने आपली संहिता दिलेली असेल तर प्रश्नच मिटतो. जे टाळावयाचे ते एवढेच की, एकाच सूचीत एक अंक उच्चाराने आणि दुसरा किमतीने लागलेला असू नये.

वाचकाला सूचीकाराचा निर्णय कळावा म्हणून सूचीच्या माथ्यावर एक ओळ पुरते. आपल्या विद्यार्थ्याच्या सूचीवर ती अशी असेल : ‘लेखकाचे नाव नसलेल्या नोंदी शीर्षकानुसार लावल्या आहेत, आरंभीचे अंक मराठी उच्चाराप्रमाणे धरले असून विरामचिन्हे विचारात घेतलेली नाहीत, क्रम शालेय वर्णमालेचा आहे.’ ही ओळ वाचलेला परीक्षक ‘९१ कलमी बखर’ शोधताना सूचीच्या तळाशी जाणार नाही. तो ‘ए’पाशी जाईल, आणि बखर त्याला तेथे सापडेल.